एबीजीत ऑक्सिजन कमी पण सीओटू नॉर्मलपेक्षाही कमी, असं कसं? व्हीक्यू मिसमॅच आणि ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, स्टेप बाय स्टेप

प्रश्न: मॅम, फर्स्ट इयर एमबीबीएस. व्हीक्यू मिसमॅच वाचला, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह पण वाचला, पण दोन्ही एकत्र डोक्यात बसत नाहीयेत. फुफ्फुसाचा एक भाग खराब असेल तर दुसरा चांगला भाग जास्त काम करून भरपाई का करत नाही? आणि सीओटूची भरपाई होते म्हणतात, ऑक्सिजनची होत नाही, हे का?

उत्तर:

आधी थेट उत्तर देते, मग आकडे घालून दाखवते. चांगला भाग जास्त काम करतो, अगदी जोरात करतो, पण तिथलं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं, त्यामुळे तिथली हवा कितीही वाढवली तरी रक्तात जास्तीचा ऑक्सिजन जवळजवळ जातच नाही. सीओटूला अशी कुठली छताची मर्यादा नाही, श्वास वाढवला की ती त्या प्रमाणात बाहेर पडत राहते. बाकी सगळं या दोन वाक्यांचाच विस्तार आहे. पुस्तकात व्हीक्यू एका चॅप्टरमध्ये आणि कर्व्ह दुसऱ्या चॅप्टरमध्ये असल्यामुळे मुलं दोन्ही वेगवेगळे पाठ करतात आणि व्हायवात नेमकी इथेच अडकतात.

खाली जिथे प्रेशर येईल तिथे ते मिलिमीटर मर्क्युरीत समज, दरवेळी युनिट लिहीत बसत नाही. आणि कंटेंट म्हणजे 100 मिली रक्तात किती मिली ऑक्सिजन आहे तो आकडा.

पहिली गोष्ट, एका अल्व्हिओलसमधला पीओटू ठरवतं कोण

एक अल्व्हिओलस डोळ्यासमोर आण. वरून हवा ऑक्सिजन आणून टाकतेय, खालून रक्त तो उचलून नेतंय. आत जो पीओटू राहतो तो या दोघांच्या रस्सीखेचीतून ठरतो. नुसती हवा किती किंवा नुसतं रक्त किती याने ठरत नाही, दोघांच्या गुणोत्तराने ठरतो, आणि तेच व्हीक्यू.

आता दोन टोकं बघ. हवा पूर्ण बंद झाली, म्हणजे ब्राँकस बुजला पण रक्त चालू आहे, तर अल्व्हिओलसमधला गॅस हळूहळू मिक्स्ड व्हेनस रक्तासारखा होतो, पीओटू 40 आणि पीसीओटू 45-46. इथे व्हीक्यू शून्य, याला शंट म्हणतात. उलट रक्त पूर्ण बंद झालं, समजा तिथल्या आर्टरीत क्लॉट अडकला, आणि हवा चालू आहे, तर आतला गॅस श्वासनलिकेतल्या ओल्या हवेसारखा होतो, पीओटू 150 आणि पीसीओटू शून्य. हे व्हीक्यू अनंत, म्हणजे डेडस्पेस. 150 कुठून आले, तर समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर 760, त्यातून पाण्याच्या वाफेचे 47 वजा केले की 713, आणि त्याचे 21 टक्के.

जगातला प्रत्येक अल्व्हिओलस या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो. हवा रक्ताच्या मानाने कमी पडली की तो 40 कडे सरकतो, जास्त झाली की 150 कडे. साध्या हवेवर 150 च्या वर जाणं शक्यच नाही, हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पूर्ण फुफ्फुसाचा विचार केला तर मिनिटाला साधारण 4 लिटर अल्व्हिओलर व्हेंटिलेशन आणि 5 लिटर रक्त, म्हणून सरासरी व्हीक्यू 0.8. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीवर विश्वास ठेवला की गडबड होते. निरोगी माणूस उभा असेल तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला व्हीक्यू 3 च्या वर असतो आणि तिथला पीओटू 130 च्या आसपास, तळाला व्हीक्यू 0.6 च्या आसपास आणि पीओटू 90 च्या जरा खाली. इथे बरीच मुलं लिहितात की वरच्या टोकाला व्हेंटिलेशन जास्त असतं. नाही. हवा आणि रक्त दोन्ही तळालाच जास्त असतात, फक्त वर जाताना रक्त खूपच झपाट्याने कमी होतं आणि हवा हळूहळू, म्हणून गुणोत्तर वर वाढतं. (मोठ्या माणसांतला टीबी वरच्या भागात का रमतो याचं एक कारण म्हणून हाच जास्तीचा पीओटू सांगतात.)

म्हणजे मिसमॅच निरोगी माणसातही थोडा असतोच. आजारात तो पसरतो, काही भाग 0.1-0.3 वर जातात, काही 2-3 च्या पुढे.

दुसरी गोष्ट, कर्व्ह, पण फक्त चार बिंदू

आख्खा कर्व्ह पाठ करायची गरज नाही. पीओटू 27 ला सॅच्युरेशन 50 टक्के, हाच तो पी-फिफ्टी. 40 ला 75 टक्के, हे मिक्स्ड व्हेनस रक्त. 60 ला 90 टक्के, आणि 100 ला 97-98 टक्के. हे चार बिंदू ग्राफवर मांड आणि हाताने जोड, तुझा कर्व्ह तयार.

आता त्याच्याकडे नीट बघ. 40 वरून 60 वर जाताना, म्हणजे 20 च्या फरकात, सॅच्युरेशन 15 टक्क्यांनी वाढलं. 60 वरून 100 वर जाताना दुप्पट फरक पडला पण वाढ फक्त 7-8 टक्के. आणि 100 वरून 150 पर्यंत तर टक्का-दीड टक्का. खाली चढ, वर सपाट. असं का, तर हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार हिम, एकावर ऑक्सिजन बसला की रेणूचा आकार बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं होतं, म्हणून मधला भाग एवढा चढा. आणि वर सपाट होतो कारण जागाच संपत आल्या. भरलेल्या हंड्यावर नळ जोरात सोडला तर हंड्यातलं पाणी वाढत नाही, तसंच.

हिमोग्लोबिन 15 ग्रॅम असेल तर एक ग्रॅम साधारण 1.34 मिली ऑक्सिजन धरतो, म्हणजे पूर्ण भरलं तर 20 मिली. शिवाय प्लाझ्मात नुसता विरघळलेला ऑक्सिजन असतो, पण तो एका मिलिमीटर प्रेशरला फक्त 0.003 मिली. पीओटू 100 असेल तर 0.3 मिली. 20 च्या पुढे 0.3 म्हणजे किरकोळ. पण हा 0.3 विसरू नको, शंटमध्ये शुद्ध ऑक्सिजन देतो तेव्हा हाच विरघळलेला भाग कामाला येतो.

तर आपल्याकडे तीन वेगवेगळे आकडे आहेत, प्रेशर, सॅच्युरेशन आणि कंटेंट, आणि गोंधळ होतो तो हे तिन्ही एकच समजल्यामुळे. रक्ताचे दोन प्रवाह एकत्र येतात तेव्हा प्रेशरची सरासरी होत नाही. कंटेंटची होते. ऑक्सिजनचे रेणू मोजता येतात, बेरीज करता येते, प्रेशर हे त्या बेरजेनंतर कर्व्हवरून वाचायचं असतं. माझ्या मते या सगळ्या टॉपिकमधली हीच एक ओळ आहे जी अंडरलाइन करायची.

आता गणित, वही काढ

फुफ्फुसाचे दोनच भाग समज. अ भागातल्या नळ्या आवळल्यात, कफ अडकलाय, व्हीक्यू 0.3. ब भाग चांगला, आणि पेशंट जोरात श्वास घेतोय म्हणून सगळी जास्तीची हवा याच भागात जातेय, व्हीक्यू 2.2. रक्त दोन्हीकडे सारखं, अडीच-अडीच लिटर. म्हणजे हवा अ मध्ये 0.75 लिटर आणि ब मध्ये 5.5 लिटर, मिळून सव्वासहा लिटर, नॉर्मलच्या दीडपटीपेक्षा जास्त. नीट बघ, एकूण व्हेंटिलेशन वाढलेलंच आहे, एकूण व्हीक्यू 1.25 आहे, कागदावर तर फुफ्फुस उत्तम चाललंय.

अ मधला पीओटू साधारण 50 वर येतो, ब मधला 125 वर. प्रेशरची सरासरी काढलीस तर 87.5, आणि वाटेल की पेशंट मजेत आहे.

आता खरं गणित. अ मधून निघणारं रक्त, पीओटू 50, कर्व्हवर सॅच्युरेशन 85 टक्के, म्हणजे 17 मिली, विरघळलेला 0.15 धरून 17.1 च्या जरा वर. ब मधून निघणारं रक्त, पीओटू 125, सॅच्युरेशन 99 टक्क्यांच्या जवळ, विरघळलेला धरून 20.1 मिली. रक्त सारखं असल्यामुळे सरळ सरासरी, 18.6 मिली. सॅच्युरेशनच्या भाषेत 85 आणि 99 ची सरासरी, 92 टक्के. आता 92 टक्के कर्व्हवर शोध आणि खाली बघ पीओटू किती येतो. साधारण 64.

87 नाही, 64. हा जो 23 चा फरक पडला तो कुठल्याही मेम्ब्रेनमध्ये अडला नाही, डिफ्युजनचा काही प्रॉब्लेम नाही, प्रत्येक अल्व्हिओलसमधला पीओटू आणि तिथून निघणाऱ्या रक्तातला पीओटू एकच आहे. हा फरक निव्वळ कर्व्हच्या आकारामुळे आला. कर्व्ह सरळ रेषा असती तर सरासरी सरळ आली असती आणि तुझा प्रश्नच उरला नसता.

बरं, पेशंटने ब भागाची हवा अजून दुप्पट केली तर? ब चा पीओटू 125 वरून 137 च्या आसपास जाईल, कारण वर 150 चं छत आहे. सॅच्युरेशन 98.8 वरून 99.1. कंटेंट 20.1 वरून 20.2. दोन्ही भागांच्या मिश्रणात फरक किती पडला, 0.05 मिली. म्हणजे श्वासाचे स्नायू दमून जातील एवढी मेहनत आणि हातात काहीच नाही. भरपाई का होत नाही याचं उत्तर हेच.

आणखी एक बारीक मुद्दा आहे जो आपल्या उदाहरणात दिसत नाही कारण मी मुद्दाम रक्त सारखं घेतलं. खऱ्या फुफ्फुसात बऱ्याचदा कमी व्हीक्यूच्या भागातून जास्त रक्त येतं, ते कमी व्हीक्यूचं असतं त्याचं एक कारणच ते आहे, आणि मिश्रणात ज्याचं रक्त जास्त त्याचं वजन जास्त. त्यामुळे सरासरी अजून खाली ओढली जाते.

मग सीओटू का वाचते

सीओटूचाही डिसोसिएशन कर्व्ह असतो, तो पुस्तकात शेवटी छोटासा दिलेला असतो आणि कोणी बघत नाही. शरीरात जी रेंज लागते, साधारण 30 ते 60, तिथे तो जवळपास सरळ रेषा आहे. सीओटूचा बराचसा भाग बायकार्बोनेट म्हणून फिरतो, त्याला हिमोग्लोबिनसारख्या मोजक्या जागा नाहीत, सपाट भाग येत नाही. सरळ रेषा असल्यामुळे प्रेशरची सरासरी आणि कंटेंटची सरासरी इथे जवळजवळ एकच निघते.

आपल्याच उदाहरणात अ मध्ये पीसीओटू साधारण 44, ब मध्ये 30. मिश्रण 37. नॉर्मलपेक्षा कमीच. अ भागाने जी सीओटू मागे ठेवली ती ब भागाने जास्तीची काढून टाकली, हिशोब चुकता.

याचा क्रमही समजून घे, नाहीतर वाटेल मिसमॅचने सीओटू वाढतच नाही. मिसमॅच झाला की पहिल्या क्षणी दोन्ही बिघडतात, ऑक्सिजन कमी आणि सीओटू जास्त. सीओटू वाढली की मेंदूतले केमोरिसेप्टर लगेच श्वास वाढवतात, शिवाय पीओटू 60 च्या खाली घसरला की कॅरोटिड बॉडीपण धक्का देते, आणि अस्थम्यात फुफ्फुसातले रिसेप्टर वेगळेच खवळलेले असतात. श्वास वाढला, सीओटू नॉर्मलला आली किंवा खाली गेली, ऑक्सिजन मात्र होता तिथेच. तर सीओटू नॉर्मल राहते ती पेशंट कष्ट करतोय म्हणून.

एक केस घेऊ

22 वर्षांचा मुलगा, लहानपणापासून अस्थमा, रात्रीपासून दम लागलाय, मुंबईतल्या एखाद्या कॅज्युअल्टीत पहाटे आलाय. श्वास 30, छातीत सगळीकडे शिट्ट्या, सॅच्युरेशन साध्या हवेवर 93. एबीजी असा, pH 7.47, पीसीओटू 32, पीओटू 62, बायकार्बोनेट 22-23.

पहिलं काम, अल्व्हिओलर गॅस इक्वेशन:

```
PAO2 = FiO2 × (PB − 47) − PaCO2 / 0.8
     = 0.21 × (760 − 47) − 32 / 0.8
     = 150 − 40
     = 110
```

म्हणजे या मुलाचं फुफ्फुस आदर्श असतं तर अल्व्हिओलसमध्ये 110 असते. रक्तात मिळाले 62. फरक 48. या वयात हा फरक 10-15 च्या आत हवा. याला ए-ए ग्रेडियंट म्हणतात, अल्व्हिओलर वजा आर्टेरियल, आणि तो वाढलाय म्हणजे प्रॉब्लेम फुफ्फुसाच्या आत आहे, हवा आणि रक्ताची जोडी जमत नाहीये.

(पुण्यात असशील तर 760 घालू नको. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर, तिथे हवेचं प्रेशर 710 च्या आसपास. हेच आकडे तिथे घातले तर अल्व्हिओलर 110 ऐवजी 99 येतो आणि ग्रेडियंट 48 ऐवजी 37. आजार तोच, पण 760 घालून तू 11 चा फरक उगाच वाढवलेला असशील.)

आता शेजारच्या बेडवर दुसरा पेशंट समज, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेला, पापण्या मिटत चालल्या, श्वास उथळ. एबीजीत पीओटू 60, म्हणजे जवळपास तेवढाच कमी, पण पीसीओटू 64. इक्वेशनमध्ये घाल, 150 वजा 80, म्हणजे 70. ग्रेडियंट फक्त 10. याचं फुफ्फुस चांगलं आहे, प्रत्येक अल्व्हिओलस आणि रक्त छान जुळलेलं आहे, पण मज्जातंतू आणि स्नायूंमधला सिग्नल तुटल्यामुळे पंप बंद पडतोय, हवाच आत जात नाहीये. हे हायपोव्हेंटिलेशन. पीओटू दोघांचा सारखा, आजार पूर्ण वेगळा, आणि ते ओळखायला नुसता पीओटू बघून चाललं नसतं, सीओटू शेजारी ठेवावीच लागते. याला व्हेंटिलेटर लागणार, ऑक्सिजनचा मास्क लावून सॅच्युरेशन छान दिसेल आणि सीओटू गुपचूप चढत राहील.

ऑक्सिजन दिला की काय होतं

अस्थम्याच्या मुलाला 28 टक्के ऑक्सिजन लावला. श्वासातला पीओटू 150 वरून 200 वर गेला. ब भागाचा पीओटू 175 च्या आसपास जाईल, फायदा जवळपास शून्य, आधीच भरलेला होता. खरी मजा अ भागात. तिथे हवा कमी जाते पण जातेय ना, आणि जी जातेय तिच्यात आता ऑक्सिजन जास्त आहे. आपल्या मॉडेलचा अ भाग 50 वरून साधारण 75 वर येतो. ही 25 ची वाढ कर्व्हच्या चढ्या भागात झाली म्हणून सॅच्युरेशन 85 वरून 95 वर उडी मारतं. मिश्रण 97 टक्के, पीओटू 90 च्या आसपास. थोडासा ऑक्सिजन आणि एवढा फरक. जो कर्व्ह भरपाई होऊ देत नव्हता तोच आता आपल्या बाजूने काम करतोय.

आता याच जागी शंट समज. लोबार न्यूमोनिया, आख्खा लोब पू-पाण्याने भरलेला, तिथे हवा शून्य, आणि 5 लिटरपैकी 30 टक्के रक्त तिथून जातंय. हवा लागलेल्या 70 टक्के रक्तात कंटेंट 19.8. शंटमधलं 30 टक्के रक्त मिक्स्ड व्हेनसच राहतं. शरीर दर 100 मिली रक्तातून 5 मिली ऑक्सिजन काढतं असं धरलं तर हिशोब असा जुळतो, आर्टेरियल 17.7, व्हेनस 12.7. तपासून बघ, 19.8 चे 70 टक्के 13.9, 12.7 चे 30 टक्के 3.8, बेरीज 17.7. सॅच्युरेशन 87-88, पीओटू 54.

आता त्याला 100 टक्के ऑक्सिजन दे. चांगल्या अल्व्हिओलसमध्ये पीओटू 660 झाला, हिमोग्लोबिन पूर्ण भरलं आणि विरघळलेला 2 मिली, कंटेंट 22. शंटच्या भागात मात्र हवाच जात नाही तर ऑक्सिजन कुठून पोचणार. नवा हिशोब, आर्टेरियल 19.9, व्हेनस 14.9. पीओटू किती, साधारण 100. अल्व्हिओलसमध्ये 660 आणि आर्टरीत 100. आणि जी वाढ झाली तिचा मोठा वाटा त्या विरघळलेल्या 2 मिलीचा आहे, ज्याला आपण मघाशी किरकोळ म्हणालो.

अ सारख्या कमी व्हीक्यूच्या भागाला 100 टक्के ऑक्सिजन दिला असता तर तिथला नायट्रोजन हळूहळू धुवून निघून तोही 600 च्या वर गेला असता आणि आर्टरीतही पीओटू शेकड्यांत दिसला असता. शंट आणि कमी व्हीक्यू वेगळे करायची ही जुनी टेस्ट आहे, पुस्तकात दिलेली, पण वॉर्डात मुद्दाम कोणी करू नये असं माझं मत, कारण 100 टक्के ऑक्सिजनवर अगदी कमी व्हीक्यूचे भाग मिटूनच जातात, आतला सगळा गॅस रक्त शोषून घेतं आणि होता तो मिसमॅच शंट बनतो. वॉर्डात एवढंच बघ, थोड्या ऑक्सिजनने सॅच्युरेशन पटकन चढलं की मिसमॅच जास्त, मास्क वाढवत गेलो तरी ढिम्म हलत नाही की शंट जास्त. अस्थम्यात खरा शंट फारच कमी असतो, कारण नळी बुजली तरी शेजारच्या अल्व्हिओलायमधून बारीक छिद्रांतून थोडी हवा मिळत राहते.

सॅच्युरेशन मशीन काय लपवतं

कर्व्ह वर सपाट असल्याचा दुसरा परिणाम म्हणजे पल्स ऑक्सिमीटर उशिरा बोलतो. पीओटू 100 वरून 70 वर आला तर सॅच्युरेशन 97-98 वरून 94 होतं, म्हणजे तीन-चार टक्के, आणि मशीनच्या स्वतःच्या चुकीची रेंजच दोनेक टक्क्यांची असते. पण 60 च्या खाली गेलास की प्रत्येक 10 च्या घसरणीला सहा, मग दहा टक्के जातात. त्यामुळे 94 वरून 90 व्हायला तास लागतील आणि 90 वरून 75 व्हायला काही मिनिटं, असंही दिसतं. ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटमध्ये तर अजून वाईट, मास्कवर पीओटू 200 असतानाही 99 आणि 110 असतानाही 98, फुफ्फुस निम्मं बिघडलं तरी आकडा हलत नाही.

कर्व्ह उजवीकडे-डावीकडे सरकणं याबद्दल थोडक्यात. ताप, ॲसिड, सीओटू, टू-थ्री बीपीजी वाढलं की उजवीकडे, उलट झालं की डावीकडे. याचा मोठा परिणाम टिश्यूत, कर्व्हच्या चढ्या भागात होतो, वर 100 ला कर्व्ह सपाट असल्यामुळे फारसा फरक पडत नाही. आपल्या अस्थम्याच्या मुलात pH 7.47, म्हणजे कर्व्ह जरासा डावीकडे, म्हणूनच पीओटू 62 ला 91 ऐवजी 93 दिसलं. आकडा जरा बरा दिसतो, प्रेशर तेवढंच.

नेब्युलायझर लावल्यावर सॅच्युरेशन पडलं, हे काय

हे इंटर्नशिपमध्ये बघशील म्हणून आत्ताच सांगते. एखादा भाग हवेला मुकला की तिथल्या बारीक पल्मनरी आर्टरीज आवळतात, हायपोक्सिक पल्मनरी व्हॅसोकन्स्ट्रिक्शन, 1946 साली व्हॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवर दाखवलं होतं. शरीराच्या बाकी आर्टरीज ऑक्सिजन कमी पडला की रुंदावतात, या उलट वागतात, आणि ते बरोबरच आहे, हवा नाही तिथे रक्त पाठवून उपयोग काय. म्हणजे शरीर क्यू कमी करून व्हीक्यू सुधारायचा प्रयत्न करतं. सालब्युटामॉल दिलं की नळ्या उघडायला लागतात पण तेच औषध या आवळलेल्या आर्टरीजही सैल करतं आणि हृदयाचा आउटपुट वाढवतं, आणि रक्त हवेच्या आधी पोचतं. काही मिनिटं अ भागात रक्त वाढलं, हवा अजून तेवढीच, व्हीक्यू आणखी खाली, सॅच्युरेशन दोन-तीन टक्के पडतं. औषध काम करत नाहीये असं समजून कोणी ते बंद करतं तेव्हा वाईट वाटतं. म्हणूनच सिव्हिअर अटॅकमध्ये नेब्युलायझर कॉम्प्रेस्ड हवेऐवजी ऑक्सिजनवर चालवायचा.

आता त्याच मुलाचे पुढचे एबीजी कसे वाचायचे ते बघ, कारण इथे ऑक्सिजनपेक्षा सीओटू जास्त सांगते. औषधाने नळ्या उघडल्या तर अ चा व्हीक्यू वर येईल, पीओटू वाढेल, श्वास 30 वरून 20 वर येईल, आणि सीओटू 32 वरून हळूहळू 38-40 होईल. हे बरं होणं. पण समजा दोन तासांनी सीओटू 41, pH 7.38, आणि श्वास अजूनही 34, छातीतला आवाज कमी झालाय, मुलगा एका वाक्यात दोन शब्द बोलतोय. रिपोर्टवर सगळं नॉर्मल रेंजमध्ये छापून येईल, लाल अक्षरात काहीच नाही. पण एवढा श्वास घेऊन सीओटू 41 म्हणजे ब भाग आता जास्तीची सीओटू काढू शकत नाहीये, एक तर तोही आवळला किंवा स्नायू दमले. 28 टक्के ऑक्सिजनवर सॅच्युरेशन अजूनही 95 असू शकतं, कर्व्हच्या सपाट भागावर. अशा वेळी आयसीयूला फोन त्या नॉर्मल दिसणाऱ्या 41 वर करायचा, 60 ची वाट बघायची नाही.